दुप्पट मागितलेली फी

आमच्या डाळ मिलमध्ये कुणी मॅनेजरसाहेबांना साहेब म्हणत नाही, सगळे नाना म्हणतात. धुळ्याहून तरुणपणी तोलाईच्या कामावर आलेला हा माणूस वजनकाट्यावरून चढत चढत मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोहोचला. त्यांच्या टेबलावर एक लाल पेन असतो आणि त्याची ख्याती शहरातल्या मेहरूणपासून पार जामनेरपर्यंत पोहोचलेली आहे. मिलमधल्या कुणीही उचल मागितली, की नाना अर्ज वाचतात, चष्मा वर करतात, आकड्यावर लाल रेघ मारतात आणि शेजारी बरोबर निम्मा आकडा लिहितात. लग्न असो, घराचे पत्रे असोत, नाहीतर पोराची ॲडमिशन. वीस हजार मागितले की दहा, दहा मागितले की पाच. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे सगळे दुप्पट मागतात. दोन्ही बाजूंना हा खेळ ठाऊक आहे आणि कुणाचीच त्याबद्दल तक्रार नाही.

मी मिलमध्ये क्वालिटी बघते. माहेर चोपड्याचं, केमिस्ट्रीची पदवी, आणि डोकं जरा लवकर तापणारं. माझं टेबल कलर सॉर्टरच्या शेजारी आहे. हे यंत्र ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: वरून डाळ पातळ धारेने खाली घसरते, कॅमेरे दाण्यादाण्याचा रंग बघतात, आणि काळा, डागाळलेला किंवा साल राहिलेला दाणा दिसला की हवेचा एक झोत त्याला बाजूला उडवतो. चांगली डाळ एका तोंडातून जाते, बाद माल दुसऱ्यातून. बाद माल पुन्हा एकदा यंत्रातून फिरवतात, आणि त्यानंतरही जो बाद राहतो तो निवडायला बायकांपुढे जातो. त्यांच्याकडून उरलेला गुरांच्या खाद्यात विकला जातो.

या यंत्राच्या स्क्रीनवर तीन वर्षं एक खाकी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं होतं, "हात लावू नये." कंपनीचा इंजिनीअर सेटिंग करून गेला तेव्हा त्यानेच ती लावली होती. आता तुरीचा प्रत्येक लॉट वेगळा. एखादा पिवळाधमक, एखादा फिकट, एखाद्याच्या टोकाला तांबूस झाक. सेटिंग मात्र एकच, आणि तेही इतकं कडक की यंत्र जरा फिकट दाण्यालाही गुन्हेगार समजून उडवायचं. इंजिनीअरला बोलवायचं तर त्याची फी, येण्याजाण्याचा खर्च आणि आठवडाभर वाट बघणं. म्हणून कुणी बोलवायचं नाही. बाद मालाच्या ढिगात चांगली डाळ जाताना मी रोज बघत होते आणि माझा रोज जळफळाट होत होता.

इंदूरच्या एका प्रशिक्षण केंद्राचं पत्रक मला मिळालं तेव्हा म्हणूनच मी आनंदाने उडीच मारली. सहा दिवसांचा कोर्स: सॉर्टरचं सेटिंग, लॉटप्रमाणे बदल, काच आणि हवेच्या झोतांची देखभाल, दाब तपासणं. फी सोळा हजार, कर धरून. माझ्या पगारातून ते जमण्यासारखं नव्हतं आणि घरी मागायची इच्छा नव्हती. मी सरळ नानांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "नाना, मला हा कोर्स करायचाय. माझ्या पुढच्या वाटचालीसाठी चांगला आहे. कंपनीने पैसे भरले तर बरं होईल."

नाना म्हणाले, "बघू."

नानांच्या "बघू"चा अर्थ मिलमध्ये पहिल्या दिवशी आलेल्या हमालालाही कळतो. मी तणतणत बाहेर आले. मला वाटलं, या माणसाला शिक्षणाची किंमत नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या केबिनच्या भिंतीकडे नीट बघितलं. तिथे या वर्षाचं उद्दिष्ट म्हणून तीन ओळी लावलेल्या होत्या: बाद माल कमी करणे, एक किलोच्या पाकिटांच्या ऑर्डर वेळेवर देणे, ग्राहकांच्या तक्रारी कमी करणे. वर्षभर मी त्या भिंतीसमोर उभी राहून बोलत होते आणि कधी वाचलं नव्हतं. माझी वाटचाल त्या तीन ओळींत कुठेच नव्हती. माझं यंत्र मात्र तिन्ही ओळींत होतं.

मग मी कामाला लागले. निवडणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात जुन्या अक्का. पासष्टीच्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि बोटं इतकी चपळ की बघणाऱ्याची नजर मागे पडावी. त्यांना मी म्हटलं, प्रत्येक लॉटच्या शेवटच्या बाद मालातून मी एक किलो काढून देते, तुम्ही त्यातली चांगली डाळ निवडून वेगळी करा, मी वजन करते. अक्कांनी कारण विचारलं नाही. अक्का आणि आणखी तिघी निवडायच्या, मी तोलायचे; बारा लॉट आम्ही असे तपासले. किलोमागे सरासरी साडेतीनशे ग्रॅम चांगली डाळ निघाली. विकण्यासारखी डाळ, आणि आम्ही ती गुरांच्या खाद्याच्या भावाने देत होतो. बायका त्यातली काही वाचवायच्या, पण हंगामात ढीग इतका चढायचा की अर्ध्याला कुणाचा हातच लागायचा नाही.

मी कागद लिहिला. आतापर्यंत नानांकडे जाणारा प्रत्येक कागद "विनंती अर्ज" या नावाने सुरू व्हायचा आणि "आपली विश्वासू"ने संपायचा. माझ्या कागदावर वर बारा लॉटांचा तक्ता होता, खाली कोर्समध्ये काय शिकवतात आणि त्याने कोणतं उद्दिष्ट कसं पुढे जाईल ते लिहिलं होतं. मला माझाच अभिमान वाटत होता. फक्त फीच्या रकान्यापाशी आले आणि पेन अडकला.

जेवणाच्या सुट्टीत अक्कांना सांगितलं. त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "पोरी, दुप्पट मांग. तव्हय बराबर भेटी."

त्या बोलल्या आणि मला पटलं. सोळा लिहिले तर आठ हातात पडणार. बत्तीस लिहिले तर सोळा. जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं मी माझं बघेन. मी रकान्यात लिहिलं, "फी: बत्तीस हजार रुपये." पत्रकाचं आतलं पान, ज्यावर खरी फी छापली होती, ते काढून घेतलं आणि फक्त पहिलं पान कागदाला जोडलं. बारा लॉट ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या बाईने हे केलं, आणि करताना तिला काहीही वाटलं नाही. ती आमच्या मिलची रीतच होती.

दोन दिवसांनी नानांनी बोलावलं. माझा कागद त्यांच्यापुढे उलटा पडलेला होता, वर त्यांच्या चष्म्याचं घर. "बस," म्हणाले. "थांब, फोन लावतो." पत्रकाच्या पहिल्या पानावर केंद्राचा नंबर होता. तो मी काढून घेतला नव्हता. त्यांनी नंबर फिरवला आणि ऐकायला कमी येतं म्हणून, नेहमीप्रमाणे, स्पीकर लावला.

"पुढच्या महिन्याच्या कोर्सला जागा आहे का?" नानांनी हिंदीत विचारलं.

पलीकडच्या बाईंनी आहे म्हणून सांगितलं.

"आणि फी किती भरायची?"

"सोळा हजार. टॅक्स आणि दुपारचं जेवण धरून."

नानांनी आभार मानून फोन ठेवला. माझे कान तापले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याने मला मुद्दाम समोर बसवून पकडलं. लाजेपेक्षा रागच जास्त आला, आणि रागात मी म्हणाले, "नाना, इथे सगळेच दुप्पट लिहितात. तुम्ही निम्मं करता म्हणून लिहितात."

"उचल मागताना लिहितात," नाना शांतपणे म्हणाले. "उचल त्यांची, फेड त्यांची. तुझा कागद उचलीचा आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी कागद सुलटा केला, तक्त्यावर बोट ठेवलं. "हे साडेतीनशे ग्रॅम. तेही निम्मं करून वाचू का?"

फीचं खोटं फीपुरतं राहील असं मी धरून चालले होते. ते वर चढून माझ्या बारा लॉटांपर्यंत पोहोचलं होतं. मी उठले आणि बाहेर आले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते डाळीच्या धुळीमुळे आहे असं मी दोघांना सांगितलं.

अक्कांवर मी चांगलीच चिडले. "तुमच्यामुळे झालं," म्हणाले. त्या निवडत राहिल्या. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "आमले कोनी इचारत नई पोरी, म्हनून आम्ही वाढाई सांगतस. तुनाकडे ते मोजेल शे ना? जे मोजेल शे ते लिख. खराले काय भ्यावानं?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. तेव्हा त्यांनी आणखी एक विचारलं, आणि ते मात्र मला आधीच सुचायला हवं होतं. "तू शिकी येशी, मशीन बठ्ठं बराबर निवडी देई. मंग आमनं काय?"

बारा लॉट ज्यांच्या बोटांनी मोजले, त्यांच्या कामाचं पुढे काय होणार हे माझ्या कागदात कुठेच नव्हतं. त्यांची नावंही नव्हती. त्या दिवशी घरी जाताना मेहरूण तलावापाशी स्कूटर थांबवली आणि बराच वेळ बसून राहिले. राग उतरला होता. स्वतःची जरा लाजच वाटत होती, पण कागद परत लिहायचा हे ठरलं होतं.

दुसरा कागद एकच पान होता. फी सोळा हजार, आणि आता पत्रक पूर्ण जोडलं. बसचं भाडं, सहा रात्रींचं राहणं, माझ्या गैरहजेरीचे सहा दिवस, सगळं लिहिलं. माझ्या जागी त्या दिवसांत लॉट कोण तपासेल ते लिहिलं. तक्त्यात बारा लॉट सुटे सुटे मांडले. त्यांतल्या दोन लॉटांत जेमतेम शंभर ग्रॅम चांगली डाळ निघाली होती, आणि एका लॉटमध्ये साडेपाचशे, पण त्या दिवशी झोताची हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरचा दाब पडलेला होता. पहिल्या कागदात मी फक्त सरासरी ठळक केली होती. ज्यांनी निवड केली त्या चार बायकांची नावं तक्त्याखाली घातली. कोर्सने काय होणार नाही तेही लिहिलं: कॅमेरा किंवा सर्किट बिघडलं तर इंजिनीअर लागेलच, फक्त सेटिंगसाठी त्याला बोलवावं लागणार नाही. अक्कांना आणि बाकीच्यांना विचारून हेही लिहिलं, की निवडीचा ढीग कमी झाला, तर त्या बायकांना पाकिटांच्या कामावर घ्यावं, कारण तिथे ऑर्डरी अडतात म्हणून आपण दर हंगामात बाहेरून माणसं आणतो. परत आल्यावर मी दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरना शिकवेन. तीन महिन्यांनी याच पद्धतीने बारा लॉट पुन्हा तपासू. आणि शेवटची ओळ: "आकड्यांवर विश्वास नसल्यास आपण स्वतः कोणताही लॉट निवडावा."

नानांनी वाचलं. चेहऱ्यावर काही नाही. लाल पेन उचलला नाही, हे मी बघितलं. म्हणाले, "उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, स्वतः ढिगात हात घालून तीन ठिकाणांहून माल काढला, एक किलो तोलला आणि बायकांच्या रांगेत जाऊन सतरंजीवर मांडी घालून बसले. पँट धुळीने पांढरी झाली. अक्कांनी त्यांच्यापुढे सूप सरकवलं. तासभर नाना डाळ निवडत होते. तोलाईवाल्या माणसाची बोटं दाणे विसरलेली नव्हती. मी वजनकाट्याशी उभी होते. हा आकडा दोनशेवर आला असता तर मी नोकरी सोडली नसती, पण पुन्हा त्यांच्या केबिनमध्ये मान वर करून जाता आलं नसतं.

काट्यावर तीनशे तीस आले.

"वीस कमी," नाना म्हणाले.

"सरासरी आहे नाना, लॉट वेगळा वेगळा असतो."

"ते मला माहीत आहे." मग अक्कांकडे वळून म्हणाले, "ही जाऊन शिकून आली तर तुमचं निवडायचं काम कमी होईल. चालेल?"

अक्का म्हणाल्या, "पाकिट भराले बसाडा म्हंजे झायं. ही इचारीसन लिखेल शे."

नाना पहिल्यांदा हसले.

मिलच्या मालकांकडे, शेठजींकडे, कागद नानांनीच नेला. तिथून एकच प्रश्न आला, जो कुठल्याही शेठजींना पडेल: शिकून ही अकोल्याच्या एखाद्या मिलमध्ये गेली तर? दोन वर्षांचं बंधन लिहून द्या, असं म्हणाले. मी नानांना सांगितलं की एक वर्ष लिहून देते, आणि त्याआधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने फी परत करते. नानांनी मान हलवली आणि तसंच मान्य करून आणलं. फी केंद्राच्या खात्यात थेट गेली, भाड्याचे आणि राहण्याचे पैसे माझ्याकडे आले. पावत्या आणून द्यायच्या होत्या. मी चहाची पावतीसुद्धा आणली, आणि ती त्यांनी परत केली.

इंदूरचे सहा दिवस मजेत गेले. पहिल्याच दिवशी कळलं की आमच्या यंत्रात निम्मी चूक सेटिंगची होती आणि निम्मी काचेवरच्या धुळीची. काच पुसायला तीन वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं, कारण पट्टीवर "हात लावू नये" लिहिलं होतं. परत आल्यावर सगळ्यांसमोर मी ती खाकी पट्टी सोलून काढली. तिच्याबरोबर थोडा रंगही निघाला. ऑपरेटरांपैकी एकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि मला भयंकर बरं वाटलं.

तीन महिन्यांनी बारा लॉट तपासले. किलोमागे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. इंजिनीअर मधे एकदा येऊन गेला, सर्किटसाठी, आणि पट्टी कुठे गेली म्हणून विचारत होता. अक्का आता पाकिटांच्या टेबलाशी असतात; आधी उभं राहून पाय दुखतात अशी तक्रार करायच्या. मग नानांनी त्यांच्यासाठी उंच स्टूल करून घेतलं.

हे सगळं झाल्यावर महिन्याभराने नाना ऑडिटसाठी जुन्या फायली काढत होते. "प्रशिक्षण" नावाची नवी फाइल त्यांनी केली होती, त्यात माझे कागद लाव म्हणाले. त्यांनी दिलेल्या गठ्ठ्यात माझा पहिला कागद होता, बत्तीस हजारांचा. मला वाटलं होतं तो फाडून टाकला असेल.

मी तो उलटवला. त्या दिवशी तो टेबलावर उलटा पडलेला होता, वर चष्म्याचं घर होतं, हे मला आठवलं. मागच्या बाजूला नानांच्या अक्षरात, लाल पेनाने, एक ओळ होती: "बत्तीस हजार. पूर्ण मंजूर. शेठजींशी बोलणे झाले." खाली तारीख होती. त्यांनी मला बोलावलं त्याच्या आदल्या दिवशीची.

मी तारीख दोनदा वाचली. म्हणजे फोन मला पकडण्यासाठी नव्हता. त्यांनी आधी जागा आहे का विचारलं होतं, मला ते ऐकू आलं होतं आणि तरी कळलं नव्हतं. ते माझी जागा धरत होते. मिलमध्ये पहिल्यांदा एका आकड्यावर रेघ न मारता ते आकडा तसाच ठेवून चालले होते, आणि तो आकडा खोटा निघाला.

नाना समोरच बसले होते, दुसऱ्या फायलीची दोरी सोडत. मी म्हटलं, "नाना, हे मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. वर बघितलंही नाही. "लाव तो कागद. दोन्ही लाव."

मी दोन्ही लावले. पहिला खाली, दुसरा वर.

या दिवाळीनंतर पाकिटांच्या टेबलावरची एक बाई माझ्याकडे आली. तिला पॅकिंग यंत्राचा छोटा कोर्स करायचा होता आणि कागद लिहायला मदत हवी होती. फीच्या रकान्यापाशी ती घुटमळली आणि हळूच म्हणाली, "ताई, दुप्पट लिहू ना?" मी तिला आत नेऊन फायलीतला खालचा कागद उलटा करून दाखवला आणि खरी फी सोळाच होती, नानांनी रेघ न मारता माझा आकडा खरा धरला होता, एवढंच सांगितलं. तिने ती लाल ओळ वाचली, मग माझ्याकडे बघितलं, आणि पेन घेऊन खरी फी लिहिली.